"काही नाही, दात येतायत": बाळाच्या दातांबाबत या चुका टाळा

लहान मुलांच्या ओपीडीत मी बारा वर्षं नर्स आहे. बाळाला वजनकाट्यावर ठेवता ठेवता मी विचारते काय होतंय, आणि दिवसातून तीन-चार वेळा तरी उत्तर येतं, "काही नाही हो, दात येतायत." ताप आला, दात. शी पातळ झाली, दात. रात्री तीनला उठून रडलं, दात. खोकला येतोय तोही दातांमुळेच म्हणणारे लोक मला भेटलेत, आणि खोकल्याचा आणि दाताचा काय संबंध असं विचारलं की ते माझ्याकडेच असं बघतात की हिला एवढंही माहीत नाही.

मला दातांवर राग नाहीये. राग या वाक्यावर आहे, कारण ते कधीच खोटं ठरत नाही. आता साधा हिशोब बघा. दुधाचे दात एकूण २०, दहा वर आणि दहा खाली. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या पुढे येतो आणि शेवटची दाढ अडीच ते पावणेतीन वर्षांपर्यंत, म्हणजे जवळजवळ २७ महिने हा कार्यक्रम चालू असतो. एकेका दाताचा त्रास धरून चाला आठेक दिवस (आठच का ते खाली सांगते), तर २० गुणिले आठ म्हणजे १६० दिवस. २७ महिन्यांचे दिवस होतात साधारण ८२०. जोडीचे दात एकत्र येतात त्यामुळे थोडे कमी करा, तरी पाच-सहा दिवसांतला एक दिवस 'दाताचा' असतोच. आणि याच वयात बाळाला सर्दी, पोट, कान, सगळंच होत असतं, कारण आईकडून पोटात असताना मिळालेल्या ॲन्टिबॉडीज सहा महिन्यांच्या आसपास ओसरत जातात आणि त्याच सुमारास बाळ रांगून जमिनीवरचं सगळं तोंडात घालायला लागतं. मग तापाच्या दिवशी हिरडीत एखादा दात सापडणारच की. शोधला की सापडतो, आणि सापडला की डॉक्टरकडे जाणं राहतं.

सगळ्यात मोठी चूक: खरा ताप दातांच्या खात्यावर टाकणं

ही चूक मी दुसऱ्यांची सांगत नाही, माझ्या घरातली सांगते, आणि त्यात मी स्वतः होते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. सोमवारी रात्री बहिणीचा फोन, "ताई, हिला कणकण आहे, खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसतेय, लाळ तर नुसती गळतेय, लाळेरं तासाला बदलतेय." मी ड्युटीवरून नुकतीच आलेले, जेवत होते. विचारलं ताप किती, तर म्हणाली मोजला नाही, हाताला गरम लागतंय. आणि मी, जी रोज दुसऱ्यांना शिकवते, मी म्हणाले, "दात असतील गं, पॅरासिटामॉल दे, उद्या बघू." झालं. घरात नर्स म्हणाली दात आहेत म्हटल्यावर पुढचे दोन दिवस कोण विचारतंय.

मंगळवारी सकाळी ताप ९९.५, सगळे निवांत. दुपारी १०२.६. परत औषध, परत उतरला, संध्याकाळी परत चढला. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. बुधवारी एकदा उलटी केली आणि अंगावर पिताना दोन मिनिटांत तोंड बाजूला करायला लागली. आणि बुधवारीच दुपारी तिच्या सासूबाईंनी पाणी पाजताना चमचा हिरडीला लागला तर टिक असा आवाज आला. दात आला! घरात आनंद, आला एकदाचा, आता ताप जाणार. मला दाताचा फोटो आला, मीही हार्ट पाठवलं.

गुरुवारी पहाटे १०३.४. दात तर बाहेर आलेला, मग आता कशाचा ताप? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्यांना सरळ दवाखान्यात बोलावलं. डॉक्टरांनी कान बघितले, घसा बघितला, छाती ऐकली, सगळं साफ. मग म्हणाले लघवी तपासू. चिकटवायच्या पिशवीतून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून बारीक नळी घालून नमुना घेतला. बहीण रडत होती, मी पाय धरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी भरपूर, आणि दोन दिवसांनी कल्चरमध्ये ई. कोलाय. लघवीचं इन्फेक्शन. ॲन्टिबायोटिक दहा दिवस, किडनीची सोनोग्राफी, ती नशिबाने नॉर्मल आली. अशा इन्फेक्शनला उशीर झाला तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात, आणि आम्ही तीन दिवस एका दाताच्या नादात घालवले होते.

यात फसवणारी गोष्ट काय ते नीट बघा. दात खोटा नव्हता. रेघ खरी होती, लाळ खरी होती, बुधवारी दात खरोखर आला. फक्त तापाशी त्याचा काही संबंध नव्हता, दोघं एकाच आठवड्यात आले एवढंच. आणि मधे औषधाने ताप उतरत होता त्यामुळे 'दाताचाच आहे, चढतो-उतरतो' असं वाटत राहिलं. पॅरासिटामॉल कुठलाही ताप उतरवतं हो, कारण कुठलंही असो. औषधाने उतरला यावरून ताप कशाचा ते कळत नाही.

मग दाताने ताप येतच नाही का? अंग किंचित गरम होऊ शकतं, ९९ च्या घरात. पण १००.४ आणि त्याच्या वर गेला की तो ताप, आणि तो दाताचा धरायचा नाही, दुसरं कारण शोधायचं. हे माझं मत नाही. सन २००० मध्ये पीडिॲट्रिक्स या जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता, १२५ बाळं, ४७५ दात. आईवडिलांनी रोज दोनदा ताप मोजून आणि लक्षणं लिहून ठेवली होती, आधी, दात आल्यादिवशी, नंतर, सगळं. त्यात निघालं की दात दिसायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस, आणि नंतरचे तीन, एवढ्या आठ दिवसांतच लक्षणं जास्त असतात: चावणं, लाळ, हिरडी घासणं, चोखणं, किरकिर, कान चोळणं, तोंडाभोवती पुरळ, घट्ट खाणं थोडं कमी होणं, अंग जरासं गरम. आणि १०२ च्या वरचा ताप, उलट्या, जुलाब, खोकला, चोंदलेलं नाक, दूध-पाणी कमी पिणं, यांचा दाताशी संबंध सापडला नाही. अजून एक गोष्ट त्यात आहे जी मला फार आवडते, की यातलं कुठलंही एक लक्षण ३५ टक्क्यांपेक्षा जास्त बाळांमध्ये नव्हतंच. म्हणजे बरीच बाळं गुपचूप दात काढतात आणि आपल्याला चमचा वाजल्यावर कळतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, शास्त्र वगैरे काही नाही, सवयच. कोणी म्हटलं दात येतायत तर मी दात बाजूला ठेवते आणि स्वतःला विचारते, या बाळाला दातच नसते तर मी आत्ता काय केलं असतं? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. त्याच्या पुढच्या बाळाला ताप २४ तासांत गेला नाही, किंवा १०२ च्या वर गेला, किंवा बाळ मलूल आहे, पीत नाहीये, तर दाखवायचं. सर्दी-खोकला काही नाही आणि नुसता ताप, तर लघवी तपासायची का हे आपण होऊन विचारायचं, मुलगी असेल तर जास्तच. आणि ताप मोजायचा, हो, थर्मामीटरने. 'हाताला गरम लागतंय' हा आकडा नाही. शिवाय मोजलेला लिहून ठेवायचा, वेळेसकट आणि औषध कधी दिलं त्यासकट, कारण ओपीडीत 'दोन दिवस येतोय जातोय' यावरून डॉक्टरला काहीच कळत नाही.

तीन महिन्यांच्या लाळेला दात म्हणणं

दोन-तीन महिन्यांच्या बाळाची आई येते, लाळ गळतेय, मूठ तोंडात, म्हणजे दात लवकर येणार. येतील हो, पण बहुतेक अजून तीन-चार महिन्यांनी. या वयात लाळ जास्त तयार व्हायला लागते आणि ती गिळायचं तंत्र बाळाला अजून जमलेलं नसतं, समोर दातांचं कुंपणही नसतं, म्हणून बाहेर येते. आणि मूठ तोंडात जाते कारण हात आपला आहे हे त्याला नुकतंच कळलंय. यात वाईट काही नाही, फक्त तीन महिन्यांपासून 'दाताचं' म्हणायची सवय लागली की सहाव्या महिन्यापर्यंत घरात प्रत्येक गोष्टीला तेच उत्तर तयार असतं, आणि मग माझ्या बहिणीसारखं होतं. लाळेने हनुवटी लाल होत असेल तर टिपा, घासू नका, आणि झोपायच्या आधी साधं पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा.

तक्ता टाइमटेबलसारखा वाचणं

दातांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो, वेळ मात्र नाही. लोक उलटं करतात, वेळ पाठ करतात आणि क्रम विसरतात.

क्रम असा. आधी खालचे मधले दोन, साधारण सहा ते दहा महिन्यांत. मग वरचे मधले दोन, आठ ते बारा. मग त्या वरच्यांच्या शेजारचे दोन, नऊ ते तेरा, आणि त्यांच्या मागोमाग खालचे शेजारचे, दहा ते सोळा महिने. हे झाले आठ पटाशीचे दात. इथपर्यंत सगळ्यांना सरळ वाटतं, पुढे गोंधळ. कारण यानंतर शेजारचा सुळा येत नाही, एक जागा सोडून मागे पहिली दाढ येते, वर-खाली मिळून तेरा ते एकोणीस महिन्यांत. त्या सोडलेल्या जागेत सुळे नंतर येतात, सोळा ते तेवीस. आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या दाढा, खालच्या साधारण तेवीस ते एकतीस, वरच्या पंचवीस ते तेहतीस.

ती मधली सोडलेली जागा बघून घाबरून आलेले आईवडील मी किती बघितले असतील. एक बाबा तर मोबाइलवर झूम करून फोटो घेऊन आले होते, मुलगा पंधरा महिन्यांचा, म्हणे दात पडला आणि याने गिळला, आम्ही दोन दिवस शी तपासतोय. मी बोट फिरवून बघितलं, हिरडी अखंड, गुलाबी, कुठे रक्त नाही, खड्डा नाही. मागे दाढेचे दोन कोपरे वर आलेले आणि मधे सुळ्याची रिकामी जागा. दोन दिवस शी तपासलेल्या माणसाला हे सांगताना मला हसू आवरेना आणि त्यांनाही. पडलेल्या दाताची जागा ओली लाल खड्ड्यासारखी दिसते, न आलेल्या दाताची जागा साध्या हिरडीसारखी, एवढंच लक्षात ठेवा.

बघायचं कसं तेही सांगते, कारण समोरून तोंड उघडायला गेलं की बाळ जीभ मधे घालतं आणि तुम्हाला काही दिसत नाही. दोघं समोरासमोर गुडघे टेकवून बसा, बाळाचं डोकं तुमच्या मांडीत, पाय दुसऱ्याच्या कमरेशी. हात धुवून करंगळीने ओठ बाहेर काढा आणि उजेड बाजूने पाडा, समोरून पाडला की ओल्या हिरडीवर नुसतीच चकाकी येते. दात जवळ आला असेल तर हिरडीची धार रुंद आणि फिकट झालेली दिसते आणि बोटाला आत काहीतरी टणक लागतं. दाढ असेल तर आधी एकच कोपरा वर येतो, मग बाकीचे, त्यामुळे दाढ अर्धी तुटलीय असं वाटतं, ती तुटलेली नसते.

अंदाजासाठी जुना हिशोब आहे, दोन वर्षांपर्यंत महिन्यांतलं वय उणे सहा म्हणजे साधारण तेवढे दात. बारा महिन्यांना सहा, अठराला बारा. पण हा अंदाज आहे, यात तीन-चार दातांचा फरक पडला म्हणून कोणी कॅल्शियमची बाटली सुरू करू नका. दुधाचे दात बाळ पोटात असतानाच चौथ्या महिन्याच्या सुमारास कडक व्हायला लागलेले असतात, ते आता बाटलीने लवकर बाहेर येणार नाहीत. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकही दात नसेल तर नेहमीच्या भेटीत नुसतं बोलून ठेवा, घरात कोणाला उशिरा आले होते का ते आठवून जा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं. नऊ महिन्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांना थोडा उशीर धरूनच चालायचा. अठरा महिन्यांनाही एकही नाही तर मात्र दंतवैद्याला दाखवाच. कारण थायरॉइड, मुडदूस अशा काही गोष्टींमध्ये दात उशिरा येतात, पण तिथे सहसा वाढ, बसणं-चालणं यातही काहीतरी मागे असतं. बाळ धावतंय, बडबड करतंय आणि दात चारच आहेत, तर मी त्या आईला घरी जाऊन झोप म्हणून सांगते.

हिरडीला बधिर करायचं जेल

इथे माझा आवाज चढतो. रात्री दोनला बाळ रडतं, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेलं जेल असतं, लावलं, बाळ दहा मिनिटं गप्प, म्हणजे गुणकारी. पुढे काय होतं? लाळ ते धुऊन टाकते, बाळ ते गिळतं, परत रडतं, परत लावलं जातं. रात्रीत पाच-सहा वेळा लावलेल्या आया मी बघितल्यात, आणि प्रत्येकीला वाटतं थोडंसंच तर लावलं.

अशा जेलमध्ये बेन्झोकेन असेल तर त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होऊ शकते, मेथहिमोग्लोबिनेमिया म्हणतात त्याला. ओठ, नखं राखाडी-निळसर पडतात, बाळ धापा टाकतं किंवा सुस्त पडतं, आणि हे लावल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत होऊ शकतं. असं दिसलं तर थांबायचं नाही, तडक इमर्जन्सीत जायचं आणि ट्यूब बरोबर न्यायची. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना दातांसाठी बेन्झोकेन वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं. लिडोकेनचं त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, कारण गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होतो. शिवाय घसा बधिर झाला की गिळताना ठसका लागतो तो वेगळाच. ट्यूबवर 'बाळांसाठी' लिहिलंय म्हणून भागत नाही, मागे घटक वाचा. 'नैसर्गिक' लिहिलं असेल तरी वाचा, विषारी बेलाडोना हीसुद्धा वनस्पतीच आहे.

रडणं लगेच थांबवायची घाई नवीन नाही म्हणा. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापर्यंत दात येतानाची पावडर म्हणून बाळांना कॅलोमेल द्यायचे, म्हणजे चक्क पाऱ्याचं संयुग. हातपाय गुलाबी पडून सोलायचे, बाळ प्रकाश सहन करायचं नाही, त्या आजाराला 'पिंक डिसीज'च म्हणायचे, आणि पावडर बंद झाली तसा तो आजारही जवळजवळ गायब झाला.

मी काय करते? स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी जरा दाबून एक-दोन मिनिटं चोळते, बाळ आधी बघतं, मग स्वतःच चावतं. ओला स्वच्छ कपडा किंवा सबंध रबराची रिंग फ्रिजमध्ये ठेवून द्यायची, फ्रीजरमध्ये नाही, दगडासारखी गोठलेली रिंग हिरडीला इजा करते. आत पाणी भरलेली रिंग नको, एकदा दात आला की ती फुटते. बाकी कडेवर घेऊन फिरा. कंटाळवाणं आहे, माहितीय, पण तो त्रास दोन-चार रात्रींचा असतो.

ड्रॉप्स आणि सिरप एकच समजणं

कधीकधी बाळ खरंच कळवळतं आणि डॉक्टर पॅरासिटामॉल द्या म्हणतात, हरकत नाही. पण डोस वयावर नाही, वजनावर असतो, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम. आता ड्रॉप्सच्या बाटलीत बहुतेकदा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे लागतात ०.८ ते १.२ मिली. आणि १२० मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये तेवढं औषध पाच मिलीत असतं, म्हणजे साधारण साडेतीन ते पाच मिली. एका घरात आईने सिरप पाच मिली लक्षात ठेवलं होतं, सिरप संपलं, बाबांनी ड्रॉप्स आणले आणि ड्रॉप्स पाच मिली दिले. ५०० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. आजीने बाटली हातात घेऊन विचारलं एवढीशी बाटली आणि एवढं कसं काय संपलं, म्हणून कळलं. बाळ सुखरूप होतं पण तपासण्या झाल्या, रात्र ॲडमिट. बाटली बदलली की परत विचारा, आणि दोन डोसांत मी तरी सहा तास जाऊ देते. दाताच्या नावाखाली रोज रात्री सवयीने द्यायचं औषध हे नाही, दोन दिवसांच्या वर लागतंय असं वाटलं तर दातच आहे ना ते आधी तपासून घ्या. ॲस्पिरिन तर अजिबात नाही.

जुलाबाला दात म्हणणं

थोडक्यात सांगते, नाहीतर परत ताप प्रकरण होईल. लाळ गिळल्याने शी जराशी सैल झाल्यासारखी वाटते असं बरेच जण सांगतात, पण दिवसातून पाच-सहा वेळा पाण्यासारखी होतेय तर ते जंतूंचं काम आहे, आणि ते जंतू बहुतेक त्याच खेळण्यावरून गेलेत जे 'दातासाठी' चावायला दिलं आणि जमिनीवरून उचलून परत दिलं. ओआरएस सुरू करा, दूध बंद करू नका. सहा तासांत शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू आत गेलेली, तोंड कोरडं, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. आणि दात येणाऱ्या बाळाचं तोंड कोरडं कसं असेल? ज्याची लाळ गळत होती त्याचं तोंड कोरडं पडलं तर तेवढ्यावरूनच समजा.

बाकीच्या, एकेका ओळीत

सगळीच हिरडी लाल सुजलेली, रक्त येतंय, जिभेवर-ओठांवर फोड आणि ताप: हा दात नाही, बहुतेक हर्पीसच्या विषाणूचं पहिलं इन्फेक्शन, त्याच दिवशी दाखवा. दाताची सूज एका जागेपुरती असते.

हिरडीवर निळसर फुगा: दात येताना आत थोडं रक्त साठतं, दात आला की आपोआप जातो, सुईने फोडू नका. हो, फोडतात लोक.

गळ्यात अंबरची माळ: एफडीएने २०१८ मध्येच याबद्दलही इशारा दिला, झोपेत माळेने गळा आवळून बाळ गेल्याची घटना आहे. मणी सुटून श्वासनलिकेत जायचा धोका वेगळा.

चावायला गाजराची कच्ची काडी: दोन दात असलेलं बाळ तुकडा तोडू शकतं, चावू शकत नाही, आणि तो तुकडा घशात अडकतो.

कान ओढणं: नुसतं ओढतंय आणि खेळतंय तर चालेल. ताप असेल किंवा आडवं केल्यावर किंचाळत असेल तर कान तपासून घ्या.

दातांमध्ये फटी: असू देत, मागून येणारे पक्के दात मोठे असतात.

जन्मतःच दात: होतं कधीकधी. हलत असेल किंवा दूध पिताना त्रास होत असेल तर दंतवैद्य ठरवतील, घरी ओढू नका.

'दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत' म्हणून न घासणं: पहिला दात दिसला त्या दिवसापासून मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, रोज दोनदा. आणि बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे चार दात आधी किडतात, आधी हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ येते, मग तपकिरी होते. महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून ती रेघ बघा, पांढरी असताना आलात तर बऱ्याचदा तिथेच थांबवता येते.